घंटेला दोन सेकंदांचं अंतर: शेवटच्या फेरीत नेमका किती वेग लागतो

१५०० मीटरच्या शर्यतीत ११०० मीटर संपले की घंटा वाजते आणि ४०० मीटर उरतात. कुंपणाबाहेर "पकड त्याला, पकड!" अशी ओरड सुरू होते. कोणत्या वेगानं पकडायचं, हे मात्र त्या ओरडण्यात कुठेच नसतं. खरं तर ते आकड्यात सांगता येतं आणि गणित तोंडी होण्याइतकं सोपं आहे. कस लागतो तो त्यात कोणता आकडा घालायचा हे ठरवताना.

एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवू. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतलं अ‍ॅथलेटिक्स गोव्यातल्या बांबोळीच्या ज्या स्टेडियममध्ये झालं, तिथला ४०० मीटरचा सिंथेटिक ट्रॅक धरा. कनिष्ठ गटातली १५०० मीटरची शर्यत आहे. पुढचा मुलगा निळ्या बनियनमध्ये, आपला पिवळ्या. निळा ७० सेकंदांच्या फेरीनं पळतोय आणि घंटेच्या रेषेवरून ३ मिनिटं १२.५ सेकंदांना जातो. आपला त्याच रेषेवर ३ मिनिटं १४.५ ला येतो, म्हणजे अंतर २.० सेकंद. त्याला मागे टाकायला शेवटची फेरी किती सेकंदांत हवी?

अंतर मीटरमध्ये नको, सेकंदांत मोजा

"दहाबारा मीटर पुढे आहे" हा अंदाज डोळ्याला सोपा वाटतो, पण शेवटच्या फेरीत तो फसवतो. घंटा वाजताच पुढचा वेग वाढवतो. मागचा अजून रेषेपर्यंत आलेला नसतो आणि जुन्याच वेगानं पळत असतो. त्यामुळे मीटरमधलं अंतर ताणतं. ७० सेकंदांच्या फेरीचा वेग सेकंदाला ५.७१ मीटर, म्हणून २ सेकंद म्हणजे ११.४ मीटर. निळ्यानं ६६ सेकंदांच्या फेरीचा वेग धरला की तेच २ सेकंद १२.१ मीटर होतात. कोच "अकरा मीटर" सांगणार, मुलगा डोळ्यांनी बारा पाहणार आणि आपण मागे पडतोय असं वाटून घाबरणार. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं.

सेकंदांतलं अंतर मोजायला स्टॉपवॉचचं स्प्लिट बटण पुरतं. निळ्याची छाती रेषेवर आली की एकदा दाबायचं, आपल्याची आली की पुन्हा. दोन्ही वेळा छातीच बघायची. डोकं किंवा पुढे आलेला पाय बघितला तर आकडा सहज एकदोन दशांशांनी चुकतो, आणि ०.२ सेकंद म्हणजे या वेगाला सव्वा मीटर.

घड्याळ हाताशी नसेल तर अंतिम रेषेकडे येणाऱ्या सरळ पट्ट्यावर, म्हणजे होम स्ट्रेटवर, हर्डल ठेवण्यासाठी रंगवलेल्या खुणा कामाला येतात. ११० मीटर हर्डल्सच्या शेवटच्या अडथळ्याची निळी खूण अंतिम रेषेच्या १४.०२ मीटर अलीकडे असते आणि १०० मीटर हर्डल्सची शेवटची पिवळी खूण १०.५ मीटर अलीकडे. पुढच्याची छाती रेषेवर आली त्या क्षणी आपला या दोन खुणांच्या मध्ये असेल, तर अंतर दोन सेकंदांच्या आसपास आहे असं बिनधास्त धरावं. ट्रॅक जुना असेल तर खुणा पुसट झालेल्या असतात, म्हणून शर्यतीआधी एकदा चालत जाऊन त्या बघून ठेवाव्यात.

मूळ गणित

निळ्याला शेवटच्या फेरीला जितका वेळ लागेल, त्यातून घंटेचं अंतर वजा करा. उरेल तेवढ्यात आपण फेरी संपवली तर दोघं एकाच क्षणी रेषेवर येतील. जिंकायचं तर त्यातून थोडा फरक आणखी वजा करायचा.

```
आपली फेरी = त्याची शेवटची फेरी - अंतर - फरक
आपला वेग  = ४०० / आपली फेरी
```

यात आपली आधीची फेरी कुठेच नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. "आपण ७० नं पळत होतो, दोन सेकंद भरून काढायचे, म्हणजे ६८" असा हिशेब होतो. निळा शेवटच्या फेरीतही ७० नंच पळाला तर तो बरोबर ठरेल. पण घंटेनंतर कोण तसं पळतं?

म्हणून खरा प्रश्न निळा शेवटची फेरी किती सेकंदांत काढेल, हा. निकालपत्रकावर एकूण वेळ असतो, शेवटची फेरी नसते. पण त्याच्या आधीच्या शर्यतीचं मोबाइलवर घेतलेलं चित्रण कुणाकडे ना कुणाकडे मिळतं. घंटेच्या वेळी तो रेषेवर येतो ती फ्रेम आणि शेवटी रेषेवर येतो ती फ्रेम शोधायची. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे ०.०३ सेकंद, हातातल्या घड्याळापेक्षा कितीतरी अचूक. चित्रण मात्र मधे न तोडलेलं आणि रेषेच्या साधारण समोरून घेतलेलं हवं. तिरकं घेतलेलं असेल तर तो रेषेवर कधी आला हेच नीट दिसत नाही.

आपल्या उदाहरणात चित्रणातून निळ्याची शेवटची फेरी ६६ सेकंदांची निघाली असं धरू. ६६ मधून २ गेले, ६४ उरले. फरकासाठी ०.३ सेकंद काढून ठेवू, म्हणजे आपली फेरी ६३.७ हवी. वेग सेकंदाला ६.२८ मीटर. एकूण वेळ ३:१४.५ अधिक ६३.७, म्हणजे ४:१८.२. निळा ४:१८.५ ला येईल.

चित्रण मिळालं नाही तर एकाच आकड्यावर विसंबू नये, तीन धरावेत. निळा ७० नंच पळाला तर आपल्याला ६७.७ लागतील, ६७ नं पळाला तर ६४.७ आणि ६४ नं पळाला तर ६१.७. हे तीन आकडे मुलाला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचे. घंटेनंतरच्या पहिल्या वळणावर निळा कसा निघतो यावरून यातला कोणता लागू पडतो ते बऱ्यापैकी कळतं.

फरक ०.३ चाच का? या वेगाला ०.३ सेकंद म्हणजे दोन मीटरांहून थोडं कमी. घड्याळातली चूक आणि समोरच्यानं शेवटी काढलेला थोडा जास्त जोर एवढं त्यात मावतं. फरक शून्य धरून आखणी केली तर काय होतं, ते बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिसलं. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये बीडचा अविनाश साबळे ८:११.२० ला आला आणि केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५ ला. अंतर ०.०५ सेकंद. सेकंदाला सात मीटरचा वेग धरला तरी ते ३५ सेंटीमीटर होतं.

६३.७ कशी वाटून द्यायची

पूर्ण फेरी सारख्या वेगानं काढायची तर प्रत्येक १०० मीटरला १५.९ सेकंद. खुणा अशा येतात: १०० वर १५.९, २०० वर ३१.९, ३०० वर ४७.८ आणि रेषेवर ६३.७. निळाही सारख्या वेगानं, म्हणजे १०० मीटरला १६.५ नं पळाला, तर दोन सेकंदांचं अंतर १०० वर १.४ होईल, २०० वर ०.९, ३०० वर ०.३ आणि शेवटी आपण ०.३ नं पुढे. दर शंभराला पाऊण सेकंदाहूनही कमी कापायचंय, तेही चारदा. मुलाला हे आधी समजलं असेल तर पहिल्या वळणावरच तो जीव काढत नाही.

हा पहिल्या वळणावरचा जोर फार महागात पडतो. समजा आपला पहिले १०० मीटर १५.९ ऐवजी १५.० ला पळाला. १०० च्या खुणेवर अंतर १.४ ऐवजी अर्ध्या सेकंदावर येतं आणि कुंपणाबाहेर टाळ्या पडतात. पण पुढचे शंभर १५.७, मग १६.३ आणि शेवटचे १७.५ असे गेले, तर बेरीज ६४.५ होते. म्हणजे निळ्याच्या अर्धा सेकंद मागे. अशी फेरी बाहेरून ओळखता येते. दुसऱ्या वळणाच्या मध्यावर खांदे कानाकडे चढायला लागतात, हात छातीसमोर आडवे जातात आणि पाऊल आखूड पडतं. होम स्ट्रेटला पाय घातल्यावर "आता सोड!" म्हणून ओरडण्यात अर्थ नसतो, सोडायला काही उरलेलंच नसतं.

सारख्या वेगाची ताकद काय असते, हे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत दिसतं. अमेरिकेचा डेव्ह वॉटल सुरुवातीला सगळ्यांच्या मागे होता. त्यानं चारही २०० मीटर जवळपास सारखे, २६ ते २७ सेकंदांच्या दरम्यान काढले. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो सुसाट सुटल्यासारखा दिसतो, पण त्याचा वेग फारसा वाढलेला नव्हता, पुढच्यांचा पडला होता. तो १:४५.८६ ला आला आणि सोव्हिएत संघाचा येव्हगेनी अर्झानोव १:४५.८९ ला.

एक खाचखळगा राहतो. वेग बटण दाबल्यासारखा बदलत नाही. ७० च्या फेरीवरून ६३.७ च्या फेरीवर यायला ३० मीटर लागले, तर त्या ३० मीटरांत सुमारे ०.२ सेकंद वाया जातात. फरकासाठी ठेवलेल्या ०.३ मधले दोन तृतीयांश तिथेच गेले. यावर उपाय सोपा आहे: घंटेच्या ४० ते ५० मीटर आधीपासून, होम स्ट्रेटच्या दुसऱ्या अर्ध्यात, वेग चढवायला लागायचं म्हणजे रेषेवरून जाताना नवा वेग पायात आलेला असतो. निळा घंटा ऐकून वेग बदलणार, आपण त्याच्या आधी. यातून घंटेवरचं अंतरही एकदोन दशांशांनी कमी होतं, तो फायदा वेगळा.

निळा सारख्या वेगानं पळाला नाही तर

बहुतेक मुलं शेवटची फेरी हळूहळू चढवत नेतात. निळ्याचे ६६ सेकंद १७.०, १६.८, १६.४ आणि १५.८ असे पडले असं धरा. बेरीज तीच, शर्यत मात्र पार वेगळी.

आपला ठरल्याप्रमाणे १५.९ नं पळतोय. १०० वर अंतर ०.९ राहील. २०० वर निळा ३३.८ ला पोचेल आणि आपला ३१.९ अधिक २, म्हणजे ३३.९ ला. समोरच्या बाजूचा सरळ पट्टा, म्हणजे बॅक स्ट्रेट, संपतो तिथेच आपण त्याच्या पाठीला लागलो! बघणाऱ्यांना वाटतं शर्यत जिंकली. पण निळ्याचे सगळ्यात वेगवान २०० मीटर अजून पुढे आहेत, ३२.२ सेकंदांचे.

म्हणून २०० च्या खुणेवर "अंतर किती उरलं" एवढंच बघून चालत नाही. तिथे मूळ गणित पुन्हा एकदा मांडायचं: त्याचे उरलेले २०० किती सेकंदांचे, त्यातून आत्ताचं अंतर वजा, त्यातून फरक वजा. पहिल्या प्रकारात ३३.०, वजा ०.९, वजा ०.३, म्हणजे ३१.८ हवेत. दुसऱ्यात ३२.२, वजा ०.१, वजा ०.३, म्हणजे पुन्हा ३१.८. पहिल्यात अंतर जवळपास सेकंदाचं आहे, दुसऱ्यात शून्याला टेकलंय, तरी पुढचं काम सारखंच. हे आधी समजावलं नसेल तर दुसऱ्या प्रकारात मुलगा ढिला पडतो आणि शेवटच्या शंभरात मागे राहतो.

दुसऱ्या प्रकारात आणखी एक अडचण येते. आपण त्याला गाठतो ते नेमकं दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी, आणि ओलांडायला याहून वाईट जागा ट्रॅकवर नाही.

वळणावर बाहेरून जाण्याची किंमत

४०० मीटरच्या प्रमाण ट्रॅकवर सरळ पट्टा ८४.३९ मीटरचा आणि वळण ११५.६१ मीटरचं असतं. हे माप आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटर बाहेरच्या रेषेवर धरलेलं असतं, म्हणजे पहिल्या लेनमध्ये कडेला धरून पळणाऱ्याला बरोबर ४०० मीटर पडतात. त्या रेषेच्या जितके मीटर बाहेरून वळण घ्याल, त्याच्या ३.१४ पट अंतर वाढतं. निळ्याच्या खांद्याला खांदा लावून साधारण एक मीटर बाहेरून पूर्ण वळण घेतलं तर ३.१४ मीटर जास्त. दुसऱ्या लेनमध्ये तिच्या आतल्या रेषेला धरून पळालात तर ३.५ मीटर.

६३.७ सेकंद तेच ठेवून ४०३.१ मीटर पळायचे तर वेग ६.२८ ऐवजी ६.३३ लागतो. म्हणजे ६३.२ सेकंदांच्या फेरीचा वेग. अर्धा सेकंद नुसता वळणावर गेला. दुसरीकडे, सरळ पट्ट्यात २० मीटर जाता जाता एक मीटर बाहेर सरकलं तर वाढतात फक्त अडीच सेंटीमीटर. ओलांडायचं ते सरळ पट्ट्यात, ही जुनी शिकवण या दोन आकड्यांवर उभी आहे.

तेव्हा निळा १७.० नं सावकाश निघाला आणि आपण बॅक स्ट्रेटच्या मध्यावर त्याच्यापासून चारेक मीटरवर आहोत असं दिसलं, तर दोनच मार्ग उरतात. एक, वळण सुरू व्हायच्या आत त्याला पूर्ण ओलांडून आतली कड घ्यायची. त्यासाठी तेवढ्या ४० मीटरांत सेकंदाला मीटरभर जास्त वेग काढावा लागतो. तो निघतोही, पण नंतरच्या वळणावर त्याची किंमत मोजावी लागते. दुसरा, त्याच्या मागे दीड मीटरवर आतल्या कडेलाच थांबायचं, वळण त्याच्याच वेगानं काढायचं आणि होम स्ट्रेट उघडल्यावर बाहेर निघायचं.

आमचा कल दुसऱ्याकडे आहे, पण त्याला अट आहे. ३०० च्या खुणेला आपण ०.२ सेकंद मागे असलो आणि निळ्याचे शेवटचे शंभर १५.८ चे असले, तर आपले १५.८ वजा ०.२ वजा ०.३, म्हणजे १५.३ हवेत. वेग सेकंदाला ६.५४ मीटर. हे १५.३ दमलेल्या पायांनी निघतात का, हे सरावात तपासलेलं हवं. निघत नसतील तर वळणावर थांबण्यात हशील नाही. मग पहिला मार्ग धरायचा आणि निळ्याला त्याच्या आवडत्या शेवटच्या शंभराआधीच पळायला लावायचं.

बाहेर निघायची जागाही ठरलेली असावी. वळण संपता संपता, साधारण ३१० च्या आसपास, निळ्याच्या उजव्या खांद्याच्या रेषेत यायचं आणि ३१५ ला पट्टा सरळ झाला की पुढे जायचं. वळणाच्या शेवटच्या पाचसहा मीटरांत बाहेर सरकल्यानं पडणारा भुर्दंड वीस सेंटीमीटरांच्या आत राहतो, तेवढा परवडतो. आतून घुसायचा मोह मात्र टाळावा. निळा कडेला धरून पळत असेल तर तिथे एका माणसापुरतीही जागा नसते. धक्का लागला तर पंचांचा झेंडा वर जातो, नाही लागला तरी आपली लय मोडते.

आपल्याला जमणार का, हे आधीच बघा

हवा असलेला आकडा निघाला म्हणजे तो आवाक्यात आहे असं नाही. सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे आपल्या मुलानं आधीच्या १५०० मध्ये काढलेली शेवटची फेरी. ती ६५ ची असेल तर ६३.७ चा विचार करता येतो. ६८ ची असेल तर नाही. ती माहीत नसेल तर ताज्या पायांनी काढलेला त्याचा ४०० मीटरचा वेळ बघा. तो ५५-५६ असेल तर ११०० मीटरनंतरचे ६३.७ जमण्यासारखे आहेत. ६० असेल तर त्याच्याकडून जवळजवळ पूर्ण वेगाची फेरी मागितल्यासारखं होईल.

सरावासाठी एक जोडणी उपयोगी पडते: ६०० मीटर ७० च्या फेरीनं, म्हणजे १ मिनिट ४५ सेकंदांत, आणि मधे न थांबता लगेच २०० मीटर ३१.९ ला. पाचेक मिनिटं चालत विश्रांती घ्यायची आणि असं तीनदा करायचं. तिसऱ्या खेपेला २०० मीटर ३१.९ च्या आत आले तर मुलाच्या पायात तो वेग बसलाय. तिन्ही वेळा पहिले १०० मीटर १५.५ पेक्षा लवकर येत असतील तर कमतरता ताकदीची नाही, अंदाजाची आहे. अशा वेळी १०० च्या खुणेवर उभं राहून आकडा मोठ्यानं सांगत जावं.

आकडा आवाक्याबाहेर निघत असेल, तर पाठलाग घंटेआधीच सुरू व्हायला हवा. ८०० मीटर झाल्यावर अंतर ४ सेकंद असेल आणि ७०० मीटर उरले असतील, तर दर फेरीमागे ४ गुणिले ४०० भागिले ७००, म्हणजे २.३ सेकंद निळ्यापेक्षा जलद पळायचंय. हेच ४ सेकंद घंटेपर्यंत तसेच ठेवले तर निळ्याच्या ६६ समोर ६१.७ ची फेरी लागेल. म्हणून जाणता कोच पहिलं मोजमाप घंटेला घेत नाही, एक फेरी आधीच घेतो.

शर्यतीत सांगायचं तेही मोजकंच असावं. घंटेला फक्त "दोन!" आणि २०० च्या खुणेवर राहिलेलं अंतर, "एक!" किंवा "अर्धा!". दमलेल्या डोक्यात याहून जास्त शिरत नाही. कोचनं कुंपणाबाहेर एका जागी उभं राहूनच बोलावं. मुलाच्या बरोबरीनं कडेकडेनं पळणं म्हणजे बाहेरून पेस देणं, आणि ते नियमात बसत नाही. दोघं जण असतील तर एकानं रेषेवर आणि दुसऱ्यानं २०० वर उभं राहावं.

गावच्या मैदानावर

पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या शाळांच्या मैदानांवर बहुधा २०० मीटरचा ट्रॅक फक्कीनं आखलेला असतो आणि शेवटची फेरी म्हणजे २०० मीटरच. तिथे दोन सेकंदांचं अंतर ४०० च्या ट्रॅकवरच्या चार सेकंदांइतकं जड जातं, कारण ते भरून काढायला निम्मीच जागा असते. निळ्याचे शेवटचे २०० मीटर ३३ चे असतील तर आपले ३३ वजा २ वजा ०.३, म्हणजे ३०.७ हवेत. म्हणून अशा मैदानावर दोन फेऱ्या उरल्या असतानाच अंतर मोजायला घ्यावं.

वळणाची किंमतही तिथे दुप्पट बसते. वळण लहान असो की मोठं, एक मीटर बाहेरून घेतलं तर ३.१४ मीटरच वाढतात. पण २०० च्या ट्रॅकवर तेवढ्याच ४०० मीटरांत दोनऐवजी चार वळणं येतात. शिवाय अरुंद वळणावर वेग पडतोच, तांबडी माती भुसभुशीत असेल तर आणखी पडतो. १६ मीटर, १८ मीटर असे अगदी छोटे सरळ पट्टे असलेली मैदानंही असतात. तिथे एका सरळीत ओलांडणं होत नाही, दोन लागतात.

ट्रॅक आखताना माप नेमकं कुठे धरलं, हे क्रीडा शिक्षकांना एकदा विचारून घ्यावं. आत उंच कड नसते, नुसती फक्कीची रेघ असते, तेव्हा माप रेघेच्या २० सेंटीमीटर बाहेर धरायचं असतं. ते रेघेवरच धरलेलं असेल तर प्रत्येक फेरी सव्वा मीटरनं मोठी होते. दोघांनाही सारखंच पळायचं असल्यामुळे हरण्या-जिंकण्यावर त्याचा परिणाम होत नाही, पण सरावात मिळवलेले स्प्लिट त्या दिवशी जुळत नाहीत आणि मुलगा उगाच बिचकतो.

दुपारच्या शर्यतीत समुद्राकडून येणारा वारा हिशेबात धरायला हवा. तो होम स्ट्रेटला समोरून लागत असेल तर निळ्याच्या पाठीमागे राहण्याचा फायदा वाढतो आणि बाहेर निघणं दहाएक मीटर उशिरा केलेलं बरं. तोच वारा बॅक स्ट्रेटला समोरून असेल तर तिथे निळ्याला ओलांडायला जाऊ नये. पुढे गेलात तर वारा तुम्ही अंगावर घेणार आणि तो तुमच्या आडोशानं मागून येणार. कोणत्या पट्ट्यात वारा समोरून आहे, हे वॉर्मअपच्या वेळी स्टेडियमवरच्या झेंड्यांकडे बघून ठरवून टाकावं आणि त्याप्रमाणे ओलांडायची जागा मुलाला सांगून ठेवावी.